चौथ्या जागेवर शोध का थांबला? प्रशासकीय निर्णयांतील मर्यादित विवेक

एखाद्या प्रशासकीय निर्णयावरून वाद पेटला आणि चौकशी समिती बसली, की तिच्या अहवालात एक वाक्य हटकून सापडते : ‘उपलब्ध सर्व पर्यायांचा साकल्याने विचार झालेला दिसत नाही.’ वाचणाऱ्याला हा आरोप गंभीर वाटतो, आणि निर्णय घेणारा अधिकारी मनातल्या मनात म्हणतो, की सर्व पर्यायांचा विचार कोणी आणि कधी केला आहे? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. निर्णय कसा घ्यावा याविषयीचे एक चित्र नियमपुस्तिकांत आणि अहवालांत वावरते, तर निर्णय प्रत्यक्षात कसे घेतले जातात याचे दुसरे चित्र कार्यालयातल्या टेबलावर असते, आणि या दोन चित्रांतले अंतर हाच या लेखाचा विषय आहे. पहिल्याला लोकप्रशासनाच्या अभ्यासात सर्वंकष विवेकनिष्ठ प्रतिमान म्हणतात. दुसऱ्याला हर्बर्ट सायमन या अमेरिकी अभ्यासकाने मर्यादित विवेक असे नाव दिले.

हा फरक बहुधा ‘काटेकोर निर्णय’ आणि ‘चलता है निर्णय’ असा समजला जातो. माझ्या मते तो गैरसमज आहे. खरा फरक शोध कुठे थांबवायचा याच्या नियमात आहे, आणि तो नियम एकदा ध्यानात आला, की वादग्रस्त निर्णयाविषयी कोणते प्रश्न विचारायचे तेही बदलते.

सर्वंकष प्रतिमान नेमके काय मागते?

हे प्रतिमान ऐकायला अगदी सरळ आहे. आधी आपली उद्दिष्टे स्पष्ट करा आणि त्यांतले कोणते किती महत्त्वाचे ते ठरवा. मग ती गाठण्याचे सगळे मार्ग मांडा, प्रत्येक मार्गाचे सगळे परिणाम काढा, ते परिणाम एकाच मापाने मोजा आणि ज्याचे माप सर्वांत जास्त भरेल तो मार्ग निवडा. यात आक्षेप घेण्यासारखे काही दिसत नाही, आणि म्हणूनच हे प्रतिमान इतके टिकून आहे.

अडचण ‘सगळे’ या शब्दात आहे. समजा, एका शहरात अग्निशमन केंद्रांसाठी योग्य अशा चाळीस जागा आहेत आणि त्यांतल्या दहा निवडायच्या आहेत. दहा-दहांचे किती वेगवेगळे संच होतील? गणित सांगते, ८४ कोटी ७६ लाख ६० हजार ५२८. एका संचावर फक्त एक मिनिट विचार करायचा म्हटले, तरी रात्रंदिवस बसून सोळाशेहून अधिक वर्षे लागतील. शिवाय हा हिशेब फक्त जागांचा झाला. प्रत्येक केंद्रात किती गाड्या, किती माणसे, कोणते केंद्र आधी बांधायचे हे प्रश्न त्यात मिळवले, की आकडा कल्पनेपलीकडे जातो.

संगणक हा आकडा पचवू शकतो, हे खरे. त्याकडे पुढे येऊच. पण मोजणीचे ओझे ही अडचणीची फक्त वरची बाजू आहे. खालची बाजू सायमन यांना एका शहराच्या क्रीडांगणांवर दिसली, आणि ती समजून घेतल्याशिवाय त्यांचे म्हणणे नीट कळत नाही.

मिलवॉकीची क्रीडांगणे

सायमन यांचा जन्म १९१६ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात झाला. १९३५ मध्ये, शिकागो विद्यापीठात शिकत असताना, त्यांनी आपल्याच शहरातील सार्वजनिक क्रीडांगणांच्या कारभाराचा अभ्यास हाती घेतला. क्रीडांगणे दोन यंत्रणा मिळून चालवत होत्या : शाळा मंडळ आणि शहराचे बांधकाम खाते. वाद असा होता, की असलेल्या पैशांतले किती मैदानांच्या देखभालीवर घालायचे आणि किती मुलांचे खेळ घेणाऱ्या, त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या प्रशिक्षकांवर.

सायमन नुकतेच अर्थशास्त्र शिकले होते आणि त्यांच्या वहीत या प्रश्नाचे उत्तर तयार होते. देखभालीवर खर्च केलेल्या शेवटच्या डॉलरमधून जेवढा लाभ होतो, तेवढाच प्रशिक्षकांवर खर्च केलेल्या शेवटच्या डॉलरमधून व्हायला हवा. एका बाजूचा शेवटचा डॉलर जास्त लाभ देत असेल, तर दुसऱ्या बाजूचे पैसे तिकडे वळवायचे, आणि दोन्ही बाजू समान होईपर्यंत वळवत राहायचे. सर्वंकष प्रतिमानाचा हाच तर गाभा आहे.

प्रत्यक्षात असे कोणी करत नव्हते. करत नव्हते एवढेच नाही, तर तसे करता येईल असेही कोणाच्या मनात येत नव्हते. आणि थोडा विचार केला तर त्यात नवल नाही. हा हिशेब मांडण्यासाठी काय काय माहीत असावे लागेल ते पाहा. एक प्रशिक्षक कमी केला तर किती मुले यायची थांबतील, किती जण भांडतील, किती पडून जखमी होतील, हे कळायला हवे. कुंपणाची दुरुस्ती एक वर्ष लांबवली तर काय होईल, हे कळायला हवे. आणि एवढे कळल्यावरही एका मुलाची खेळातली संध्याकाळ आणि वीस फूट कुंपण यांना एकाच तागडीत घालणारे माप हवे. ते माप कोणाकडेच नव्हते. मुलांच्या वाढीला चांगले काय, हे उद्दिष्ट इतके मोठे आणि इतके धूसर होते, की त्यापासून एका डॉलरपर्यंत उतरणारी वाट कोणालाच काढता येत नव्हती.

मग निर्णय होत कसे होते? प्रत्येक यंत्रणेने त्या धूसर उद्दिष्टाच्या जागी स्वतःला झेपेल असे छोटे उद्दिष्ट ठेवले होते. बांधकाम खात्याच्या लोकांना क्रीडांगण म्हणजे जमीन, कुंपण आणि साहित्य दिसत होते. शाळा मंडळाच्या लोकांना तेच क्रीडांगण म्हणजे शिक्षणाची जागा वाटत होती. दोघेही आपापल्या चित्राशी प्रामाणिक होते आणि आपापल्या चित्राच्या आत तर्काला धरूनच वागत होते. भांडण तर्काच्या अभावाचे नव्हते. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू होणाऱ्या तर्कांचे होते.

सायमन पुढे आयुष्यभर या अनुभवाकडे परत परत येत राहिले. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रशासनविषयक ग्रंथात हीच कल्पना विस्ताराने मांडली आहे आणि १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले तेही संस्थांमधील निर्णयप्रक्रियेच्या संशोधनासाठीच. मर्यादित विवेकाची व्याख्या एका वाक्यात अशी करता येईल : माणसाला विवेकाने वागायचे असते आणि तो तसा प्रयत्नही करतो, पण त्याची माहिती, त्याची हिशेब करण्याची ताकद आणि त्याचे लक्ष या तिन्ही गोष्टी तोकड्या असल्याने त्याचा विवेक एका छोट्या, सोप्या करून घेतलेल्या चित्राच्या आतच चालतो. यातला ‘प्रयत्न करतो’ हा भाग अनेकदा वगळला जातो आणि मग सायमन जणू माणसाला मूर्खच म्हणत होते असे वाटू लागते. ते तसे म्हणत नव्हते.

‘सर्वोत्तम’ऐवजी ‘पुरेसे’

सर्वोत्तम पर्याय शोधता येत नसेल, तर माणूस निवड कशी करतो? सायमन यांचे उत्तर असे, की तो आधी एक उंबरठा ठरवतो, मग पर्याय एकामागून एक तपासतो आणि उंबरठा ओलांडणारा पहिला पर्याय मिळाला की थांबतो. यासाठी त्यांनी १९५६ च्या एका निबंधात ‘सॅटिस्फायसिंग’ हा शब्द वापरला. समाधान होणे आणि पुरेसे असणे या दोन अर्थांच्या इंग्रजी क्रियापदांची त्यात सरमिसळ आहे. मराठीत आपण त्याला ‘पुरेसे समाधान’ म्हणू. आपल्या ‘समाधान’ या शब्दात मनाची तृप्ती आणि शंकेचे उत्तर असे दोन्ही अर्थ आधीच नांदत असल्याने तो इथे मूळ शब्दापेक्षाही चपखल बसतो, असे मला वाटते.

आता एक फाइल उघडून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण ज्याने अशा फाइली हाताळल्या आहेत त्याला ते ओळखीचे वाटेल. एका वाढत्या उपनगरासाठी एक नवे अग्निशमन केंद्र बांधायचे आहे. बारा जागांची यादी आहे. जागा पाहायला जाण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी चार अटी लिहून ठेवल्या आहेत : वस्तीच्या सर्वांत दूरच्या टोकाला गाडी सहा मिनिटांत पोहोचावी, गाडी थेट रुंद रस्त्यावर निघावी, जमिनीच्या मालकीचा वाद नसावा आणि खर्च मंजूर रकमेत बसावा.

पहिली जागा खात्याच्याच ताब्यातली आहे, पण तिथून दूरच्या टोकाला नऊ मिनिटे लागतात, ती बाद. दुसरीहून पाच मिनिटांत पोहोचता येते, पण जमिनीचा दावा न्यायालयात पडून आहे, तीही बाद. तिसरी जागा बाकी सर्व बाबतींत चांगली आहे, फक्त वेळ सात मिनिटांचा निघतो. चौथ्या जागेहून साडेपाच मिनिटे लागतात, रस्ता रुंद आहे, मालकी स्वच्छ आहे आणि खर्च बसतो. शोध इथे थांबतो. पाचव्यापासून बाराव्यापर्यंतच्या आठ जागा कोणी पाहायला जात नाही.

इथे काय झाले ते सावकाश पाहण्यासारखे आहे. कोणत्याही जागेची दुसऱ्या जागेशी तुलना झालेली नाही. प्रत्येक जागेची तुलना फक्त उंबरठ्याशी झाली. त्यामुळे चार मिनिटांचा वेग चांगला की कमी खर्च चांगला, असा अवघड सौदा कोणालाच करावा लागला नाही. मिनिटे मिनिटांच्या अटीवर तपासली गेली, पैसे पैशांच्या अटीवर. मिलवॉकीत जी एकच तागडी सापडत नव्हती, तिची गरजच इथे पडली नाही. पुरेशा समाधानाचे सगळे बळ या एका सोयीत आहे. श्रम तर वाचतातच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या गोष्टी एका मापात बसत नाहीत त्या तशा बसवाव्या लागत नाहीत.

आणि बाराही जागा बाद ठरल्या असत्या तर? मग उंबरठा खाली आला असता. सहा मिनिटांऐवजी सात मिनिटे चालतील असे ठरले असते आणि तिसरी जागा पुन्हा टेबलावर आली असती. उलट, पहिल्या दोन-तीन जागाच सहज उत्तीर्ण झाल्या असत्या तर पुढच्या वेळी कोणीतरी म्हणाले असते, की सहा कशाला, पाच मिनिटे ठेवू. उंबरठा असा अनुभवानुसार वर-खाली होतो. सायमन यांनी १९५५ मध्ये यासाठी घर विकणाऱ्या माणसाचे उदाहरण वापरले होते : तो मनात एक किंमत धरून बसतो, त्याहून जास्त देणारा आला की विकतो आणि कोणी आलाच नाही तर मनातली किंमत कमी करतो.

मग यात चूक कुठे होते?

पुरेशा समाधानाच्या पद्धतीला स्वतःचे असे काही आजार आहेत आणि ते सर्वंकष प्रतिमानाच्या आजारांहून वेगळे आहेत. मला त्यांतले दोन महत्त्वाचे वाटतात.

पहिला आजार क्रमाचा. आपल्या उदाहरणात सातवी जागाही चारही अटींत बसत होती आणि तिथून फक्त चार मिनिटे लागत होती, असे समजा. ती कोणी पाहिलीच नाही. यादी शेवटाकडून वाचायला घेतली असती, तर कदाचित तीच निवडली गेली असती. अटी त्याच, अधिकारी तेच, प्रामाणिकपणाही तोच. निर्णय मात्र वेगळा, केवळ यादीचा क्रम वेगळा म्हणून. सर्वंकष पद्धतीत क्रमाने काहीच फरक पडत नाही, कारण तिथे निकाल सगळे पाहून झाल्यावर लागतो. पुरेशा समाधानात मात्र यादी तयार करणाऱ्याच्या हातात निर्णयाचा मोठा हिस्सा असतो, मग त्याची सही फाइलवर असो वा नसो. व्यवहारात हा क्रम सहसा सवयीने लागतो. मागच्या वेळी जे केले ते आधी, स्वतःच्या खात्यात जे उपलब्ध आहे ते त्यानंतर, आणि बाहेरचे, अनोळखी असे सगळे शेवटी. म्हणूनच एखाद्या कार्यालयाची उत्तरे वर्षानुवर्षे एकसारखी दिसतात.

दुसरा आजार उंबरठा सरकण्याचा. तो अनुभवानुसार हलणे हे पद्धतीचेच अंग आहे, पण तो उघडपणे हलला की गुपचूप, याने सगळा फरक पडतो. ‘बारा जागा पाहिल्या, सहा मिनिटांत बसणारी एकही नाही, म्हणून अट सात मिनिटांची करत आहोत’ असे टिपणात लिहिले असेल, तर तो निर्णय तपासता येतो. तिसरी जागा आधी मनात भरली आणि मग अट सात मिनिटांची होती असे लिहिले, तर उंबरठा नावाला उरला. ही लबाडी ओळखण्याची एक साधी खूण आहे : निवडलेला पर्याय अटीत काठावर, अगदी बोटभर अंतराने बसत असेल आणि अटीवर पर्याय पाहण्यापूर्वीची तारीख नसेल, तर संशय घ्यायला हरकत नाही.

‘म्हणजे ही आळसाचीच सबब नाही का?’

हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो अर्धा खरा आहे. ‘पुरेसे’ या शब्दाआड आळस सहज लपू शकतो. पण उंबरठा किती उंच ठेवायचा हे या पद्धतीत कुठेच ठरलेले नाही. अणुभट्टीच्या सुरक्षेचा उंबरठा इतका उंच असू शकतो, की शंभर आराखडे तपासूनही एखादाच उत्तीर्ण व्हावा. तरीही ती पुरेशा समाधानाचीच पद्धत राहते, कारण शोध उत्तीर्ण पर्यायावर थांबतो. आळशी माणसाचा उंबरठा बुटका असतो किंवा नसतोच. म्हणजे टीका उंबरठ्याच्या उंचीवर करावी, थांबण्यावर नव्हे. कधीतरी थांबणे सर्वांनाच भाग असते.

‘आता संगणक आहेत, मग मर्यादा कुठे उरली?’

चाळीसांतून दहा जागा निवडण्याचा हिशेब आज संगणकावर सहज होतो. चांगल्या पद्धती वापरल्या तर सगळे संच मोजावेही लागत नाहीत. ज्या प्रश्नांत उद्दिष्ट एकच आणि मोजता येण्याजोगे असते, उदाहरणार्थ ठरावीक गाड्यांनी ठरावीक मार्गांवर कमीत कमी अंतर कापणे, तिथे सर्वोत्तम उत्तर काढता येते आणि काढावेही. स्वतः सायमन संगणकाचे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाचे आद्य प्रवर्तक होते, तेव्हा त्यांचा यंत्राला विरोध असण्याचे कारण नव्हते.

पण संगणकाला प्रश्न देण्याआधी कोणीतरी तो सोपा केलेला असतो. चाळीस जागांची यादी माणसाने केली; एकेचाळिसावी जागा त्याला सुचली नसेल, तर ती संगणकालाही सुचत नाही. प्रवासाचा वेळ सरासरीने धरला. शाळा सुटण्याच्या वेळी चौकात होणारी कोंडी सरासरीत विरघळून गेली. म्हातारी माणसे जास्त असलेल्या वस्तीला जास्त वजन द्यायचे की गोदामांच्या भागाला, हेही आधीच कोणीतरी ठरवले. सायमन यांनी नोबेल व्याख्यानात यावर नेमके बोट ठेवले आहे. त्यांच्या मते निर्णय घेणाऱ्यापुढे दोन वाटा असतात : सोप्या करून घेतलेल्या जगासाठी सर्वोत्तम उत्तर काढायचे, किंवा खऱ्या जगाच्या अधिक जवळ राहून पुरेसे उत्तर काढायचे. दोन्ही वाटा पुरेशा समाधानाच्याच आहेत. फक्त तडजोड एकीत प्रश्न मांडताना होते आणि दुसरीत उत्तर स्वीकारताना. संगणकाच्या उत्तरावर ‘सर्वोत्तम’ असा शिक्का असतो, म्हणून पहिली तडजोड नजरेआड होते, इतकेच.

‘शोधाचा खर्च धरला, तर थांबणे हेच सर्वोत्तम नव्हे का?’

हा आक्षेप अर्थशास्त्र जाणणारे घेतात आणि तो जास्त धारदार आहे. ते म्हणतात, की पुढच्या आठ जागा पाहण्याचा खर्च त्यातून होणाऱ्या संभाव्य फायद्यापेक्षा जास्त असेल, तर चौथ्या जागेवर थांबणे हाच सर्वोत्तम निर्णय आहे. मग वेगळ्या नावाची गरज काय?

गरज अशी, की पुढच्या आठ जागा पाहून किती फायदा होईल हे त्या न पाहता कळायला हवे. कधीकधी ते कळते. शंभर सारख्या निविदा पूर्वी उघडल्या असतील, तर पुढची किती कमी रकमेची निघेल याचा अंदाज बांधता येतो. पण जिथे प्रत्येक पर्याय निराळ्या जातीचा असतो, तिथे त्या अंदाजासाठीच एक नवा शोध करावा लागतो आणि तो शोध कुठे थांबवायचा हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ही साखळी कुठेतरी तोडावी लागते, आणि ती तोडणारी गोष्ट म्हणजे अनुभवावरून धरलेला उंबरठा. म्हणून पुरेसे समाधान हे छुपे सर्वोत्तमीकरण आहे, असे म्हणता येत नाही.

सर्वंकष पद्धत खरोखर वापरून पाहिली तेव्हा

हा वाद केवळ पुस्तकी नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाने १९६४ च्या आर्थिक वर्षासाठी आपला अर्थसंकल्प मागच्या वर्षाचा आधार न घेता पायापासून मांडण्याचा प्रयोग केला. ॲरन विल्डाव्हस्की आणि आर्थर हॅमंड यांनी अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेऊन त्याचा अभ्यास केला, तेव्हा दिसले ते असे, की अफाट वेळ आणि कागद खर्ची पडले, पण खर्चाच्या वाटणीत जवळजवळ काहीच हलले नाही. अनेक खर्च कायद्याने बांधलेले होते, त्यामुळे ‘हा कार्यक्रम हवाच कशाला’ या प्रश्नाला अधिकाऱ्यांच्या पातळीवर उत्तरच नव्हते. अधिकाऱ्यांनी नव्या नमुन्यातले तक्ते भरले आणि विचार मात्र जुन्याच वाटेने केला.

त्यानंतर १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी संरक्षण खात्यातली नियोजन, कार्यक्रम आणि अर्थसंकल्प एकत्र बांधणारी पद्धत सर्व संघीय विभागांना लागू केली. उद्दिष्टे स्पष्ट करा, प्रत्येक उद्दिष्टाचे पर्यायी कार्यक्रम तपासा, खर्च आणि लाभ मोजा, असा तिचा आग्रह होता. १९७१ मध्ये विभागांवरची ही सक्ती मागे घेण्यात आली. संरक्षण खात्यात ती पद्धत बदलत्या रूपात टिकली, आणि त्यामागच्या कारणांपैकी एक कारण मला पटते : शस्त्रप्रणालींची एकमेकींशी तुलना करताना निदान काही मापे समान असतात, कल्याणकारी कार्यक्रमांत ती नसतात.

इथे चार्ल्स लिंडब्लॉम यांचे नाव अनेकदा सायमन यांच्या बरोबरीने घेतले जाते. लिंडब्लॉम यांनी १९५९ मध्ये म्हटले, की प्रशासक चालू धोरणात थोडाथोडा बदल करत, अडखळत पुढे जातात आणि ते योग्यच आहे. पण दोघांची गल्लत करू नये. लिंडब्लॉम यांचे म्हणणे पर्याय कुठे शोधायचे याविषयी आहे : आज आहोत तिथून जवळपास. सायमन यांचे म्हणणे शोध केव्हा थांबवायचा याविषयी आहे. उंबरठा ओलांडणारा पहिला पर्याय अगदी क्रांतिकारक असला, तरी पुरेशा समाधानाची पद्धत तो निमूट स्वीकारते.

फाइल एका भाषेत, निर्णय दुसऱ्या भाषेत

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. निर्णय पुरेशा समाधानाच्या पद्धतीने होतो आणि फाइल मात्र सर्वंकष पद्धतीच्या भाषेत लिहिली जाते. मनाजोगता पर्याय सापडल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पर्याय उभा केला जातो. एक इतका महाग, की कोणी मंजूर करणार नाही. दुसरा ‘आहे तसेच चालू ठेवणे’, ज्याला कोणी धजणार नाही. मग तिघांना गुण दिले जातात आणि मधला जिंकतो. ‘सर्व पर्यायांचा साकल्याने विचार’ या आक्षेपाला हे कागदी उत्तर असते. ते आक्षेप घेणाऱ्यानेच मागून घेतलेले असते, कारण त्याने अशक्य गोष्टीची मागणी केली आणि त्याला तिचा देखावा मिळाला.

चौकशी करणाऱ्याने त्याऐवजी तीन गोष्टी मागाव्यात. अटी कोणत्या तारखेला लिहिल्या गेल्या आणि पर्याय कोणत्या तारखेला पाहिले. यादी कोणी केली आणि तिच्या क्रमाला काय आधार होता. बाद झालेला प्रत्येक पर्याय नेमक्या कोणत्या अटीवर बाद झाला. या तिन्हींची उत्तरे मर्यादित वेळ आणि माहिती असलेल्या माणसालाही देता येतात, आणि ती बनावट असतील तर सहसा उघडी पडतात, कारण तारखा आणि बाद होण्याची कारणे एकमेकांशी जुळावी लागतात.

आपल्या अग्निशमन केंद्राच्या फाइलीत अशी नोंद असेल, तर पहिल्या तीन जागांपुढे बाद होण्याचे कारण असेल, चौथीपुढे चारही अटींचे आकडे असतील आणि पाचवीपासून बारावीपर्यंतच्या रकान्यात ‘पाहिले नाही’ असे लिहिलेले असेल. सातव्या जागेच्या बाजूने बोलणाऱ्याला मग गुणतक्त्याशी झुंजावे लागत नाही. तो ‘पाहिले नाही’ या शब्दांवर बोट ठेवून ती जागा पाहायला चला म्हणू शकतो.